चार नंबरची पाती, नऊ नंबरचं बटण

मिक्सरच्या माहितीपुस्तकातलं एक पान माझ्याकडे आलं, तेही फोटोच्या रूपात. मूळ फाइल कुणाकडेच नव्हती. मिक्सर आखाती देशांत जायचा होता आणि पान अरबीत हवं होतं. वर मिक्सरचं चित्र, त्यातून निघालेल्या दहा रेघा, प्रत्येक रेघेच्या टोकाशी गोलात आकडा. खाली दोन रकान्यांत नावं: डावीकडे १ ते ५, उजवीकडे ६ ते १०. दहा शब्दांचं भाषांतर म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं वाटतं.

अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे १ ते ५ चा रकाना उजवीकडे न्यावा लागतो. पान लावणाऱ्याने नावांचे रकाने हलवले, पण आकडे वेगळ्या चौकटीत होते, ते जागेवरच राहिले. चौथ्या ओळीत ४ म्हणजे पाती आणि ९ म्हणजे मिक्सरच्या तळाचं लाल ओव्हरलोड बटण. अदलाबदलीनंतर ९ समोर ‘पाती’ आलं. पुढच्या पानावर सूचना होती, ‘मोटर अचानक थांबली तर मिक्सर बंद करून थोड्या वेळाने ९ दाबा.’ अरबी शब्द दहाच्या दहा बरोबर होते, तरी पान धोकादायक झालं होतं.

म्हणून आता मी भाषांतराआधी एक तक्ता करतो. आकडा, मूळ नाव आणि तिसऱ्या घरात रेघेचं टोक नेमकं कशाला टेकलंय, ते माझ्या शब्दांत. हे तिसरं घर फोटो मोठा करून, बोट ठेवून भरायचं. फोटोतला मजकूर आपोआप उचलणारं सॉफ्टवेअर दोन रकाने सलग एका ओळीत वाचतं, कधी गोलातला आकडा गाळतं. ५ आणि ६ दोन्हींचं नाव ‘कपलर’च होतं. रेघ पाहिली तेव्हा कळलं की एक भांड्याच्या बुडाचा आणि दुसरा मोटरवरचा. अरबी शब्द या तक्त्याच्या चौथ्या घरात येतो आणि पुढे आकडा व नाव एकाच ओळीत बांधलेले राहतात.

मग आकडे कुठले वापरायचे? मोरोक्को, अल्जीरियाकडे इंग्रजीतले आकडे चालतात. इजिप्तपासून आखातापर्यंत दुसरेही दिसतात, आणि आपला डोळा तिथे हमखास फसतो. त्यांचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा, सहा इंग्रजी सातासारखा, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. दहा लिहिला की एक उभी रेघ आणि पुढे टिंब. आमच्या पान लावणाऱ्याला तो ‘१’ आणि पूर्णविराम वाटला, टिंब त्याने पुसून टाकलं. यादीत दोन एक झाले. चित्रातले आकडे बदलायचे नसतील तर यादीतही तेच ठेवावेत. चित्रात एक जात आणि यादीत दुसरी, हे नको.

पानाची दिशा उलटली म्हणून चित्रही आरशासारखं उलटवायचा मोह होतो. ते करू नये. या मिक्सरचा नॉब उजवीकडे फिरवला की वेग वाढतो आणि डावीकडे धरला की पल्स. चित्र उलटलं की नॉबही उलटा. इथे दोन प्रकारचे ‘डावीकडे’ वेगळे करावे लागतात. ‘नॉब डावीकडे फिरवा’ हे अरबीतही डावीकडेच, कारण मिक्सर तोच आहे. ‘डावीकडचं चित्र पाहा’ मात्र पान पालटल्यावर उजवीकडचं होतं.

शेवटची तपासणी कागदावर होत नाही. पुण्यात शिकणाऱ्या एका येमेनी विद्यार्थ्यासमोर खरा मिक्सर ठेवला आणि चित्र झाकून फक्त यादी हातात दिली. मी आकडा म्हणायचो, तो नाव वाचून त्या भागाला हात लावायचा. चित्रातल्या रेघेशी ताडून मी खूण करत होतो. आठ भाग बरोबर आले. १ आणि २ ला मात्र त्याने दोन्ही वेळा भांड्याचं झाकणच धरलं. २ म्हणजे झाकण, १ म्हणजे त्याच्या मधली छोटी, घालायची-काढायची टोपी. दोन्हींना भाषांतरात ‘घिता’ म्हणजे झाकण असाच शब्द आला होता. त्याने १ समोर ‘सिदादा’ लिहायला सांगितलं, म्हणजे बूच. मग पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने मधली टोपी उचलून माझ्या हातात दिली.