उतार तोच, बाळंही सारखीच

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक लाकडी उतार ठेवला होता. त्याचा चढ हवा तसा कमी-जास्त करता येत असे. अकरा महिन्यांच्या, रांगणाऱ्या बाळांच्या आयांना तिथे बोलावलं गेलं. तुमचं बाळ किती तीव्र उतारावरून नीट खाली येईल, हे आधी सांगायचं आणि मग बाळाला खरोखर त्या उतारावर सोडायचं, एवढाच प्रयोग. मुलींच्या आयांनी आपल्या लेकींची ताकद कमी धरली. मुलग्यांच्या आयांनी जरा जास्तच धरली. प्रत्यक्षात रांगण्यात मुली आणि मुलगे तंतोतंत सारखे निघाले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

या आया मुलींचा दुस्वास करणाऱ्या नव्हत्या. आपल्या बाळाला रोज अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या, त्याची प्रत्येक हालचाल पाहणाऱ्या बायका होत्या. तरीही अंदाज चुकला आणि तो मुलगी की मुलगा यानुसार ठरावीक दिशेनेच चुकला. पुढचं ओघाने येतं. जिला जमणार नाही असं वाटतं तिला आई लवकर उचलून घेते, जिन्याशी जाऊ देत नाही. कमी संधी म्हणजे कमी सराव. काही वर्षांनी मैदानावर तिचा भाऊ तिच्यापुढे धावतो, तेव्हा मोठी माणसं म्हणतात, मुलींची जातच नाजूक.

जन्माला येताना बाळ शरीर घेऊन येतं: गुणसूत्रं, संप्रेरकं, जननेंद्रियं. बहुतेकांच्या बाबतीत त्यावरून नर-मादी ठरतं. काहींच्या बाबतीत निसर्गतःच ते इतकं सरळ नसतं. हे झालं जैविक लिंग. त्या शरीराकडून आजूबाजूची माणसं काय अपेक्षा करतात, त्याला काय शिकवतात, कशाला हसतात, त्यातून जे घडतं तो लिंगभाव.

अपेक्षेचा चष्मा किती लवकर डोळ्यांवर चढतो, हे अमेरिकेतल्या जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी १९७६ साली दाखवलं. त्यांनी दोनशेहून अधिक जणांना नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत दाखवली. झाकण उघडताच टुणकन बाहुली बाहेर येणाऱ्या पेटीला पाहून ते बाळ रडतं. काहींना सांगितलं होतं, हा मुलगा आहे. काहींना, ही मुलगी आहे. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, मुलगी समजणाऱ्यांना भीती. चित्रफीत एकच होती. भ्यालेल्या बाळाला माणूस पोटाशी धरतो, चिडलेल्याला तसं धरेलच असं नाही. म्हणजे या एका नजरेनेही वागणूक बदलू शकते.

आपल्याकडे हे शिक्षण कसं चालतं, ते मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८८ सालच्या एका निबंधात बारकाईने मांडलं. मुलीने बसावं कसं, चालावं कसं, किती मोठ्याने हसावं, जेवण कोणाला आधी वाढावं, यांतून बाईपण कसं अंगी मुरतं, हे त्यांनी दाखवलं. मराठी घरांत याला वेगळी शाळा लागत नाही. ‘पाय जवळ घेऊन बस’, ‘भावाला पाणी दे’, ‘सासरी गेल्यावर काय करशील?’ ही वाक्यं दिवसभर कानांवर पडत असतात. पडला-रडला की मुलाला ऐकवतात, ‘मुलीसारखा काय रडतोस?’ या एका वाक्यात त्याचं रडणं बंद होतं आणि शेजारी बसलेल्या बहिणीची किंमतही ठरते.

मग सगळंच संस्कारांचं का? तसं मानणंही चुकीचं ठरलं, आणि त्याची जबर किंमत एका मुलाने मोजली. कॅनडात १९६५ साली जन्मलेल्या डेव्हिड रायमरचं शिश्न सुंतेच्या वेळी जळून निकामी झालं. मुलगी म्हणून वाढवलं की मूल मुलगी होईल, या मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्यावरून त्याचे वृषण काढले गेले, त्याला ब्रेंडा हे नाव मिळालं, फ्रॉक आले. त्याला ते कधीच मानवलं नाही. खरं कळल्यावर किशोरवयातच तो पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला. २००४ साली त्याने आत्महत्या केली. एका उदाहरणावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण ‘मी कोण’ ही आतली जाणीव बाहेरून हवी तशी बसवता येते, हा आत्मविश्वास इथे कोसळला. भाजी निवडणं बाईनेच करावं, असं मात्र यातून मुळीच सिद्ध होत नाही.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली, तेव्हा त्यांत आई आणि बाबा दोघं मिळून पालेभाजी निवडताना दाखवले. बदल रास्तच होता. पण दुसरीतलं मूल सात वर्षांचं असतं आणि तोवर पोळ्या कोण लाटतं, ताट कोण उचलतं, हे त्याने घरात रोज पाहिलेलं असतं.