एकाला दहा मॅसेज, नऊ जणांना एकही नाही: पेजिनेशनमधली गडबड

या एपिसोडमध्ये मी कोड वाचून दाखवायचा प्रयत्न केला आणि ऐकताना कुणालाच काही कळलं नाही, असं बऱ्याच जणांनी कळवलं. बरोबर आहे, कॉमा आणि कंस कानाने ऐकायच्या गोष्टी नाहीत. म्हणून हे लेखी रूप, जरा नीट लावून.

गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली आहे. केंद्राचं नाव सांगत नाही, आणि चूक माझीच होती. कापसाचा हंगाम सुरू होता. एका खरेदी केंद्रासाठी मी टोकनचं छोटं ॲप बनवलं होतं: शेतकऱ्यांची यादी टाकायची, प्रत्येकाला कापूस आणायचा दिवस आणि वेळ एसएमएसने कळवायची. केंद्रावरच्या ऑपरेटर दादांनी 412 नावांची एक्सेल फाइल अपलोड केली. माझी स्क्रिप्ट सर्व्हरकडून 20-20 नावांची पानं मागायची आणि येईल त्या नावाला मॅसेज पाठवायची. एकवीस पानं झाली, शेवटच्या पानावर 12 नावं, लॉगमध्ये शेवटी आकडा आला: 412 मॅसेज पाठवले. मी निवांत जेवायला गेलो.

दुपारी ऑपरेटर दादांचा फोन. एका शेतकरी काकांनी त्यांना विचारलं होतं, "भाऊ, दहा मॅसेज आले मले. दहा गाड्या घेऊन येऊ का?"

आम्ही हसलो. मला वाटलं, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडून काहीतरी घोटाळा झाला असेल. पण संध्याकाळी दुसऱ्या एका गावातून विचारणा आली की, शेजारच्या सगळ्यांना टोकन आलं, आमचंच का नाही? यादीत तर नाव आहे! तेव्हा हसू थांबलं. भाड्याची गाडी ठरवायची, मजूर बघायचे, हे सगळं त्या एका मॅसेजवर अवलंबून असतं. दिवस चुकला तर घरात साठवलेला कापूस तसाच पडून राहतो.

लॉगमधले आयडी काढून मोजले. पाठवलेले मॅसेज 412, पण वेगवेगळे आयडी फक्त 403. म्हणजे नऊ जण गळले होते, आणि तेवढेच नऊ मॅसेज पहिल्या नावाच्या काकांना जास्तीचे गेले होते. म्हणून तर एकूण आकडा तंतोतंत जुळत होता! प्रत्येक पानावर 20 ओळी येतातच, त्या कुणाच्या आहेत हे एकूण आकडा सांगत नाही. पेजिनेशनवर शंका आली की आधी आलेल्या ओळी मोजा, मग त्यातले वेगळे आयडी मोजा. दोन आकडे वेगळे आले की आजार सापडला.

आता क्वेरी बघा:

```sql
SELECT id, name, mobile
FROM tokens
WHERE center_id = 7
ORDER BY created_at DESC
LIMIT 20 OFFSET 20;
```

हे दुसरं पान. पहिल्या 20 ओळी सोडा, पुढच्या 20 द्या. वाचताना काहीच चुकीचं दिसत नाही. `created_at` मध्ये सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची वेळ असते, मग दोन नोंदींची वेळ सारखी कशी असेल, असं मीही धरून चाललो होतो. पण त्या कॉलमची डीफॉल्ट किंमत `now()` होती. पोस्टग्रेसमध्ये `now()` म्हणजे आत्ताची वेळ नाही, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ. एक्सेल फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आत गेली, त्यामुळे 412 जणांची वेळ शेवटच्या अंकापर्यंत एकच. मी टेस्टिंग करताना नावं एकेक करून भरली होती, म्हणून ही गोष्ट मला कधी दिसलीच नाही.

वेळ एकच असेल तर कुणी आधी यायचं? क्वेरीने ते सांगितलेलं नाही, म्हणून डेटाबेसला मोकळीक आहे. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये `LIMIT` वापरताना क्रम एकमेव ठरेल असा `ORDER BY` द्या, असं सरळ लिहिलं आहे. मायएसक्यूएलचं मॅन्युअलही सांगतं की सारख्या किमतीच्या ओळी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात.

शाळेतली पीटीची रांग आठवा. सर म्हणाले, उंचीप्रमाणे उभे राहा. पहिले वीस मोजले आणि रांग मोडली. थोड्या वेळाने परत रांग लावली आणि म्हणाले, आता एकविसावा ते चाळिसावा पुढे या. सगळे एकाच उंचीचे असतील, तर दुसऱ्या रांगेत बंड्या कुठे उभा राहील? प्रत्येक पान म्हणजे नव्याने लावलेली रांग. मागच्या रांगेत कोण कुठे होतं, हे डेटाबेस लक्षात ठेवत नाही.

पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता. मधल्या काळात डेटा तर बदलला नव्हता, मग दरवेळी क्रम वेगळा का? आणि त्या काकांनाच दहा मॅसेज का? रात्री `EXPLAIN ANALYZE` लावून एकेक पान बघितलं. पहिल्या दहा पानांवर `Sort Method: top-N heapsort` दिसलं, अकराव्या पानापासून `quicksort`. म्हणजे रांग लावायची पद्धतच पानागणिक बदलत होती.

पहिल्या 20 ओळी हव्या असतील तर पोस्टग्रेस सगळ्या 412 ओळी क्रमाने लावत बसत नाही. तो 20 जागांचं एक हीप ठेवतो. त्यात सगळ्यात मागे पडणारी ओळ वरच्या टोकाला असते, आणि नवी ओळ तिच्यापेक्षा पुढची असेल तरच आत घेतो. सगळ्या सारख्याच असल्या तर आधी आलेल्या वीस टिकतात. मग निकाल लावताना हीपच्या टोकावरची ओळ काढून सगळ्यात शेवटी ठेवतो. सगळे सारखे असताना टोकावर कोण बसलेलं असतं? सगळ्यात आधी आलेला, म्हणजे एक्सेलमधलं पहिलं नाव.

दुसऱ्या पानासाठी हीप 40 जागांचं होतं, कारण आधीच्या 20 सोडायच्या तरी त्या आधी शोधाव्या लागतात. त्यातून निघालेला क्रम असा: 2, 3, 4, असं 40 पर्यंत, आणि शेवटी 1. यातले पहिले 20 सोडले, म्हणजे 2 ते 21. उरले 22 ते 40 आणि 1. नंबर 21 कुठे गेला? पहिल्या पानाचं हीप 20 जागांचं होतं, तिथे तो नव्हताच. दुसऱ्या पानावर तो सोडलेल्यांत गेला. तिसऱ्या पानावर तसाच 41 गळला, मग 61, असं करत दहाव्या पानावर 181. एकूण नऊ जण. आणि नंबर 1 चे काका प्रत्येक पानाच्या तळाशी हजर, दहा वेळा. अकराव्या पानासाठी 220 जागा लागतात. ते 412 च्या निम्म्याहून जास्त असल्याने पोस्टग्रेसने हीप सोडून सरळ क्विकसॉर्ट वापरला आणि 201 पासून पुढचे सगळे व्यवस्थित आले.

हे गणित जुळलं तेव्हा, खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. मग त्या नऊ जणांची आठवण झाली. (तुमच्याकडे नेमके हेच नंबर येतील असं नाही. कुठला इंडेक्स आहे, कुठली आवृत्ती, ओळी किती, यावर सगळं बदलतं.)

मी रात्री थकून एक उपाय जवळपास टाकलाच होता: आयडी एकदा येऊन गेला असेल तर दुसऱ्यांदा मॅसेज पाठवायचा नाही. दोन ओळींचं काम. काकांची तक्रार बंद झाली असती. पण नऊ जण तसेच राहिले असते, आणि आता विचारायलाही कुणी फोन केला नसता. पुन्हा आलेली ओळ दिसते, गळलेली दिसत नाही. ॲपच्या स्क्रीनवरही रिपीट झालेली ओळ लपवून मोकळं होणारे भरपूर आहेत.

खरा उपाय दोन शब्दांचा:

```sql
ORDER BY created_at DESC, id DESC
```

वेळ सारखी असेल तर आयडी बघ. आयडी दोघांचा सारखा नसतो, त्यामुळे रांग कुठल्याही पद्धतीने लावली तरी एकच लागते. इथे `id` ऐवजी `name` टाकू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोन जण सहज सापडतात, आणि मग पुन्हा तोच खेळ. जॉइन असेल तर आणखी जपा: एका शेतकऱ्याच्या दोन शेतांमुळे त्याचा आयडी दोन ओळींत येत असेल, तर शेताचा आयडीही क्रमात लागेल.

एवढ्याने माझी स्क्रिप्ट सुधारली. ऑपरेटर दादांची स्क्रीन मात्र नाही. तिथे नवी नोंद सगळ्यात वर येते. दादा पहिलं पान बघत असताना दुसऱ्या टेबलवरून एक नोंद पडली की सगळे एक जागा खाली सरकतात, आणि विसावा माणूस दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतो. क्रम एकमेव आहे, पण `OFFSET` जागा मोजतो, माणूस ओळखत नाही. तिथे "20 सोड" म्हणण्याऐवजी "या माणसाच्या पुढचे दे" म्हणायचं:

```sql
WHERE center_id = 7
  AND (created_at, id) <
      ('2023-11-20 10:42:07.318254+05:30', 5127)
ORDER BY created_at DESC, id DESC
LIMIT 20;
```

याला कीसेट पेजिनेशन म्हणतात. यात "थेट सातव्या पानावर जा" असं बटण देता येत नाही, पण फोनवर खाली सरकवत जाणाऱ्या यादीला ते लागतंही नाही. यातही मी एकदा आपटलो. शेवटच्या ओळीची वेळ जावास्क्रिप्टच्या `Date` मध्ये ठेवून परत पाठवली. `Date` मिलिसेकंदापर्यंतच धरतो, त्यामुळे `.318254` चं `.318` झालं. उरलेल्या सगळ्यांची वेळ त्याच्यापेक्षा मोठी ठरली आणि दुसरं पान रिकामं आलं. रिकामं आलं म्हणून लगेच कळलं, एवढंच नशीब. आता ती वेळ मी डेटाबेसमधून येते तशीच मजकूर म्हणून जपतो.

स्क्रिप्टमधली पानं तर मी काढूनच टाकली. 412 ओळी एका क्वेरीत आरामात येतात, तिथे पानं पाडायची गरजच नव्हती. त्या नऊ जणांना ऑपरेटर दादांनी त्याच रात्री फोन लावले. आठ जणांनी उचलला. नववा सकाळी लागला, तेव्हा तो गाडी घेऊन केंद्राच्या फाटकावर उभा होता. शेजाऱ्याचा मॅसेज बघून निघून आला होता.