पहिल्या राउंडला होकार देण्याआधी

पुण्यातील आयटी क्षेत्रात नोकरीचा पहिला फोन पुष्कळदा कंपनीकडून नव्हे, तर एखाद्या कन्सल्टन्सीकडून येतो. 'उद्या अकराला पहिला राउंड ठेवू का?' याला होकार देण्यापूर्वी उमेदवाराने जेडी, म्हणजे कामाचे लेखी वर्णन, ईमेलवर मागवावे आणि पेरोल कोणाचा हेही विचारावे. काम बड्या कंपनीत, पण नेमणूकपत्र कन्सल्टन्सीचे, असा कंत्राटी प्रकार सर्रास चालतो. फोनवर तो आपणहून सांगितला जाईलच असे नाही.

पुढची चौकशी टप्प्यांची. राउंड किती, कोण घेणार, शेवटचा ऑफिसात जाऊन द्यायचा का? समजा उत्तर आले: दीड तासाची कोडिंग टेस्ट, दोन टेक्निकल राउंड, मग मॅनेजर आणि एचआर. आहे ती नोकरी सांभाळून किती वेळा सुट्टी काढावी लागेल, याचा अंदाज इथेच येतो.

कंपनीचे नाव मात्र कधीकधी राखून ठेवले जाते. उमेदवाराने परस्पर अर्ज केला तर कन्सल्टन्सीचे कमिशन बुडते, ही भीती खोटी नाही. तरी नाव कळेपर्यंत सीव्ही पुढे पाठवायला संमती देऊ नये. तोच सीव्ही दोन कन्सल्टन्सींकडून एकाच कंपनीत पोहोचला, तर कमिशनच्या वादात पडण्यापेक्षा कंपनी उमेदवारालाच बाजूला ठेवू शकते.