कुंडीला पाणी कधी द्यावे?

प्रश्न: रोज ठरल्या वेळी पाणी घालूनही कुंडीतील झाडे का मरतात?

उत्तर: पानांतून किती पाणी उडून जाईल, हे ऊन, वारा आणि हवेतील दमटपणावर ठरते. एप्रिलच्या उन्हात मातीच्या कुंडीतील तुळस दिवसभरात कोरडी पडते. जुलैत तीच प्लास्टिकच्या कुंडीत असेल तर माती कित्येक दिवस ओली राहते. पानांत पाणी साठवणाऱ्या कोरफडीला तर रोजचे पाणी मारकच.

सर्वांत फसवी खूण म्हणजे मलूल पाने. माती कोरडी असेल तर ती तहान. माती ओली असूनही पाने मान टाकत असतील, तर मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजू लागलेली असतात आणि पाणी शोषू शकत नाहीत. अशा वेळी आणखी पाणी घालणे ही नेहमीची चूक. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरणाऱ्या झाडाला मात्र घाईने पाणी लागत नाही.

म्हणून पानांआधी माती पाहावी. बोट दोन पेरे आत घालावे. तिथे ओल लागली तर तुळशीला थांबवावे. कोरफडीची माती पूर्ण सुकू द्यावी. लहान कुंडी उचलूनही कळते, कारण सुकलेली कुंडी स्पष्ट हलकी लागते. पाणी द्यायचे तेव्हा तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे.