Explained : स्वप्नात इच्छा दिसते की दिवसभराची काळजी?

सिग्मंड फ्रॉइड यांची मुलगी अ‍ॅना १९ महिन्यांची होती. सकाळी उलट्या झाल्याने तिला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. रात्री झोपेत ती स्ट्रॉबेरी, ऑम्लेट अशी खाण्याची नावं घेत ओरडली. फ्रॉइड यांच्या मते, जे दिवसा मिळालं नाही ते तिने स्वप्नात मिळवलं. यालाच इच्छापूर्तीचा सिद्धांत म्हणतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांचं म्हणणं वेगळं होतं. जागेपणी जे डोक्यात घोळतं, तेच स्वप्नात पुढे चालू राहतं. म्हणजे अ‍ॅनाच्या मनात दिवसभर खाणंच होतं, म्हणून तेच दिसलं.

या उदाहरणात दोन्ही उत्तरं बसतात. मग फरक कुठे कळतो? वाईट स्वप्नांत. हॉल आणि व्हॅन डी कॅसल यांनी १९६६ मध्ये कॉलेज विद्यार्थ्यांच्या १,००० स्वप्नांचं विश्लेषण मांडलं. त्यात आनंदापेक्षा भीती, राग, दुःख अशा भावना जास्त होत्या. फ्रॉइड म्हणत, अशा स्वप्नात इच्छा वेष बदलून येते. पण असं मानलं की कुठलंही स्वप्न सिद्धांतात बसवता येतं आणि तो चुकीचा ठरूच शकत नाही. सातत्याचा सिद्धांत मात्र तपासता येतो. स्वप्नांच्या डायरीत कोणती माणसं, कोणते प्रसंग किती वेळा आले ते मोजायचं आणि त्या व्यक्तीच्या आयुष्याशी ताडून पाहायचं.

त्यालाही मर्यादा आहे. आपण रोज तासन्‌तास वाचतो, टाइप करतो, पण ते स्वप्नात क्वचितच दिसतं. म्हणजे स्वप्नात उतरतात त्या नात्यांतल्या गोष्टी आणि काळज्या, दिवसभराचं वेळापत्रक नाही.