तिच्या आधी माझं बारसं

"आजी, मुलगी झाली!" दार अर्धवट उघडून सिस्टर म्हणाल्या आणि मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. मग लक्षात आलं, आजी म्हणजे मीच. पोटातून हसू आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम आलं.

संध्याकाळी पहिला फोटो नातेवाइकांना पाठवायचा होता आणि त्याखालची ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘आमच्या घरी लक्ष्मी आली. नात म्हणजे दुधावरची साय. बाळ-बाळंतीण सुखरूप.’ सगळं खरं होतं, पण हीच ओळ कुठल्याही बाळाच्या फोटोखाली शोभली असती. मला आमच्या बाळाची ओळ हवी होती.

म्हणून फोटो पुन्हा नीट पाहिला. तिची मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट मिटलेली होती, नखं ज्वारीच्या दाण्याहून लहान. ‘तिने आजीला ओळखलं’ असं लिहायचा मोह झाला. पण नवजात बाळाच्या तळहाताला कुणाचंही बोट लागलं तरी मूठ आपोआप मिटते. ही उपजत पकड पाच-सहा महिन्यांत ओसरते आणि मग मूल स्वतःच्या इच्छेने वस्तू धरू लागतं. तेव्हा ते वाक्य खोडलं. फोटोतलं तिच्या मनगटावरचं पट्टीचं टोकही कापलं, कारण त्यावर तिच्या आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक होता.

मग उरलं काय? उरलं नाव. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं असतं. आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि तोवर ते कुणी बाहेर फोडत नाही. म्हणजे तिला नाव मिळायला अजून बारा दिवस होते, मला मात्र पहिल्याच मिनिटाला मिळालं होतं. शेवटी मुलीला आणि जावयाला विचारून फोटोखाली एवढंच लिहिलं:

‘तिचं नाव बारशाला कळेल. माझं मात्र आजच बदललं. आजपासून मी आजी. हाक मारून बघा, वळून पाहते की नाही!’

हा शब्द फार जुना आहे. संस्कृतातल्या ‘आर्यक’पासून, म्हणजे आदरणीय वडीलधाऱ्यापासून, प्राकृतातून ‘आजा’ झाला आणि त्याची ‘आजी’. ‘आजोळ’ही त्याच घरातला. हिंदीत दादी वेगळी, नानी वेगळी. मराठीत आईची आई आणि वडिलांची आई, दोघीही आजीच. त्यामुळे विहीणबाई त्याच मिनिटाला त्याच नावाच्या झाल्या आणि आम्हाला गावं जोडावी लागली. त्या साताऱ्याची आजी, मी ठाण्याची. फोटोखालीही मी ‘ठाण्याची आजी’ अशीच सही केली, नाहीतर दूरच्या नातेवाइकांनी कुणाचं अभिनंदन करायचं?

घरातही बदल झाला. आपल्याकडे माणसं मुलाच्या जागेवरून हाक मारतात. काल ‘आई’ म्हणणारी लेक आज म्हणते, "आजी, जरा दुपटं दे." हेही ‘अगं’ सोडून ‘आजीबाई’ म्हणतात. एका दिवसात सगळ्यांनी मला नव्याने हाक मारली, फक्त जिच्यामुळे हे झालं ती सोडून.

ती कधी मारेल? साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात मुलं ‘बाबाबा’, ‘मामामा’ असं बडबडू लागतात, कारण ओठ मिटून उघडले की ब आणि म निघतात. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1960 साली याच गोष्टीवर लेख लिहिला होता. आई-वडिलांसाठीच्या जगभरच्या शब्दांत हे सोपे ध्वनी इतके का, हा त्यांचा प्रश्न होता. ‘आजी’तल्या ज साठी मात्र जीभ टाळूला टेकवून घासत सोडावी लागते आणि ते बऱ्याच मुलांना उशिरा जमतं. म्हणून कुणाची ‘आदी’ होते, कुणाची ‘जीजी’. आजोबांचा ‘आबा’ नुसत्या ओठांनी होतो, त्यामुळे यांना हाक माझ्याआधी मिळेल असं दिसतं. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. ती ज्या नावाने हाक मारेल ते नाव मी लावणार आहे.

तो फोटो मी छापून घेतला. मागे पेनाने तारीख, वेळ आणि फोटोखालची ती ओळ लिहिली आणि खाली दोन बोटं जागा कोरी ठेवली. ती मला पहिल्यांदा जे म्हणेल ते तिथे जसंच्या तसं लिहायचं आहे. तुमच्या घरी नातवंड आलं असेल तर तुम्हीही तेवढी जागा ठेवा.