कवचाचं वर्तुळ ही इलेक्ट्रॉनची वाट नव्हे

नाशिकच्या कुठल्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अणूची प्रतिकृती असतेच. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या तारेच्या रिंगा, मधोमध लाल-निळ्या मण्यांचा गोळा, रिंगांवर ओवलेले पिवळे मणी. शेजारी उभी असलेली मुलगी घडाघडा सांगते, ‘‘सर, हे इलेक्ट्रॉन या कक्षांमधून केंद्रकाभोवती फिरतात.’’ परीक्षक मान डोलावतात, पुढच्या टेबलाकडे जातात. दरवर्षी हेच ऐकून माझा संयम सुटत चालला आहे. दोष मुलीचा नाही. हे वाक्य आपणच तिला शिकवलंय आणि ते चूक आहे.

राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ या धड्यात बोरचं प्रतिरूप येतं. नववीत ‘द्रव्याचे मोजमाप’ शिकताना संयुजेसाठी तीच वर्तुळं पुन्हा लागतात. सोडियम म्हणजे २, ८, १. हे आकडे बरोबर आहेत. घोटाळा होतो तो वर्तुळाला रस्ता समजल्यामुळे.

रस्ता का नाही? विद्युतप्रभारित कण वर्तुळात फिरत राहिला, तर तो प्रकाशाच्या रूपात ऊर्जा गमावतो. १९११मध्ये रदरफोर्डने केंद्रक दाखवून दिलं, तेव्हा हीच अडचण उभी राहिली. त्या हिशोबाने इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकावर कोसळायला हवा होता. १९१३मध्ये बोरने ठरावीक कक्षांमध्ये ऊर्जा गमावली जात नाही असं गृहीत धरलं. हायड्रोजनचं गणित त्याने सुरेख जुळलं, पण दोनच इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशी अडलं. १९२६मध्ये श्रोडिंजरचं समीकरण आलं आणि कक्षा ही कल्पनाच मागे पडली. सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला तर केंद्रकाभोवती फिरण्याचा संवेगच नसतो. तो शून्य भरतो. म्हणजे जो मणी आपण हौसेने सर्वांत बाहेरच्या रिंगेवर फिरवून दाखवतो, तोच मुळी फिरत नाही.

‘‘मग वर्तुळं काढायचीच नाहीत का?’’ असं शिक्षक जरा चिडूनच विचारतात. जरूर काढा, पण ती कशाची आहेत ते आधी मुलांच्या हाती लागू द्या. ती ऊर्जेच्या पातळ्यांची आहेत, आणि हे वर्गात एका तासात दाखवता येतं.

सोडियमच्या अणूतून एकामागून एक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, ते प्रयोगांतून मोजलेलं आहे. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या तक्त्यांत ते आकडे मिळतात. इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात ते क्रमाने असे आहेत: ५.१, ४७.३, ७१.६, ९८.९, १३८.४, १७२.२, २०८.५, २६४.३, २९९.९, १४६५ आणि १६४९. एका इलेक्ट्रॉन व्होल्टला एक मिलिमीटर धरून मुलांना कागदाच्या अकरा पट्ट्या कापायला सांगा. पहिली पट्टी पाच मिलिमीटरची, कापताना बोटांतून निसटणारी. दुसरी जेमतेम पावणेपाच सेंटिमीटरची. नववी फूटपट्टीएवढी. दहावी मात्र जवळपास दीड मीटरची, तिच्यासाठी कागद जोडावे लागतात. पट्ट्या ओळीने भिंतीवर लावा आणि फळ्यावर काहीही न लिहिता विचारा, ‘‘गट कुठे पडतात?’’ पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना लांबी नऊपट होते, नववीवरून दहावीवर जाताना जवळपास पाचपट. मधल्या आठांत दीडपटीच्या आसपासच वाढ आहे, तीही सुरुवातीला. एक, आठ, दोन. उलटं वाचा: २, ८, १. आता वर्तुळं काढा. ती आता पाठ केलेली नसतात, मोजमापातून निघालेली असतात.

मधल्या आठ पट्ट्याही वाढत का जातात, हे कुणीतरी विचारतंच. केंद्रकातले अकरा प्रोटॉन तेवढेच राहतात, पण एकमेकांना दूर ढकलणारे इलेक्ट्रॉन कमी होत जातात. म्हणून उरलेल्यांवरची पकड घट्ट होते. एखादी चाणाक्ष मुलगी आणखी बारकाईने पाहील. या आठांपैकी पहिल्या सहांनंतर उडी जरा मोठी आहे, २०८.५वरून एकदम २६४.३. तिला थोपवू नका. एकाच कवचात उपपातळ्या असतात, L कवचात सहाची एक आणि दोनाची एक. तिने त्या स्वतः शोधल्या आहेत.

हे उपपातळ्यांचं प्रकरण अकरावीचं, असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण ते स्वयंपाकघरात दिसतं. मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं की ज्योत पिवळीधमक होते. वर्गात स्पिरिटच्या दिव्यावर, मिठात बुडवलेल्या तारेने हेच करून दाखवतात आणि स्पष्टीकरण देतात की इलेक्ट्रॉन M कवचातून N मध्ये उडी मारतो आणि परत येतो. हे साफ चूक आहे. त्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर आहे, म्हणजे एका फोटॉनची ऊर्जा २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. N कवच गाठायला तीनाहून अधिक लागतात. इलेक्ट्रॉन कवच बदलतच नाही. तो M मधल्याच एका उपपातळीतून दुसरीत जातो आणि खाली येतो. दोन रिंगांमध्ये मणी सरकवून हा पिवळा रंग कधीच समजावता येणार नाही.

पट्ट्यांनाही मर्यादा आहे. त्या ऊर्जा दाखवतात, जागा नाही. आणि जागेच्या बाबतीत आपल्या प्रतिकृती सर्वांत जास्त दिशाभूल करतात. सोडियमचं केंद्रक मोहरीच्या दोन मिलिमीटरच्या दाण्याएवढं धरलं आणि तो दाणा अनंत कान्हेरे मैदानाच्या खेळपट्टीवर ठेवला, तर अणूची कड पन्नास-पंचावन्न मीटरवर, सीमारेषेच्या आसपास येईल. पुठ्ठ्यावर हे मावणार नाही, म्हणून प्रतिकृतीखाली ‘आकार प्रमाणात नाहीत’ एवढं तरी लिहायला लावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘बाहेरच्या कवचात आठच मावतात, म्हणून M आठावर भरतं’: M ची क्षमता अठरा आहे. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन N मध्ये जातो, कारण तिथे ऊर्जा कमी लागते. २, ८, ८ची युक्ती पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरतीच. ‘वर्तुळावरच्या ठिपक्यांच्या जागा ठरलेल्या असतात’: नाही, ठिपके फक्त मोजण्यासाठी असतात, वर काढा की खाली.

आणि ‘सोडियमला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो, क्लोरीनला घ्यायचा असतो’. पहिली पट्टी पुन्हा पाहा: सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट मोजावे लागतात. तो घेताना क्लोरीन परत देतो सुमारे ३.६. हा व्यवहार दीड इलेक्ट्रॉन व्होल्टने तोट्यात आहे. मीठ तरीही बनतं, कारण तयार झालेले धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढतात आणि ते जवळ येताना या तोट्याहून कितीतरी जास्त ऊर्जा बाहेर पडते. अष्टक पूर्ण करण्याच्या ‘इच्छे’ने यातलं काहीच घडत नाही.